आधी आकडा, मग गाव

"ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीचं फेब्रुवारीत लग्न आहे. कॉलेजच्या आम्ही आठ जणी. तिघी पुण्यात, दोघी छत्रपती संभाजीनगरला, आम्ही तिघी (नवरी धरून) परभणीत. लग्नाआधी दोन दिवस सगळ्या मिळून कुठंतरी जायचं ठरलंय आणि सगळ्या म्हणायल्यात, 'तूच बघ सगळं.' पुण्याच्या दोघींना गोवाच पाहिजे. एक बँकेत आहे, संभाजीनगरच्या एकीला आठ महिन्यांचं बाळ आहे, एकीची नोकरी गेलीय आणि ती ग्रुपवर काही बोलतच नाही. नवरीकडून पैसे घ्यायचे का नाही यावरून दोन तट पडलेत. मागच्या सहलीत सगळं मीच भरलं, दोघींचे मिळून तेवीसशे रुपये अजून यायचेत, मागायची लाज वाटते. सगळ्यांना सारखा खर्च कसा लावू, दोन दिवसांत जास्तीत जास्त ठिकाणं कशी बसवू, अन् कुणीच नाराज होऊ नये म्हणून काय करू? मला तर काही सुचंना गेलंय."
— एक मैत्रीण, परभणी

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती नवरी नाही आणि गोवेवाल्या दोघीही नाहीत. ग्रुपवर काही न बोलणारी ती एकच आहे. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तू 'तिला काहीही चालेल' असा धरलास, तर ती सहलीच्या आठ दिवस आधी 'घरी अडचण आहे' म्हणून गळेल आणि तोवर जागा आणि गाडी दोन्ही ठरलेली असतील. मित्रमैत्रिणींच्या सहली बहुतेक इथंच फिसकटतात. ठिकाण आधी ठरतं, आकडा मागून कळतो, आणि ज्याला तो झेपत नाही तो ते चारचौघांत बोलत नाही.

म्हणून क्रम उलटा कर. ठिकाणाचा विषय आठवडाभर बंद ठेव आणि सहा जणींना (नवरी सोडून) एकेकीला खासगीत एकच प्रश्न विचार: "घरून निघून परत येईपर्यंत, सगळं धरून, तू जास्तीत जास्त किती खर्च करू शकतेस? आकडा माझ्यापाशीच राहील." ग्रुपवर विचारू नकोस. तिथं पहिली जो आकडा टाकेल त्याच्या खाली दुसरी कुणी उतरत नाही. 'किती चालेल?' असंही विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर 'काहीही चालेल' हेच येतं. स्वतःचा आकडाही कागदावर लिही. सात आकडे आले की सगळ्यात लहान आकडा हीच सहलीची मर्यादा. सरासरी काढायची नाही. सरासरी काढली की लहान आकड्यावाली आपोआप बाहेर पडते, आणि तुमचं ठरलंय ते तर सगळ्यांनी मिळून जायचं.

समजा सर्वात लहान आकडा साडेचार हजार आला. त्यातले पाचशे येण्याजाण्याचे सोडले तर एकत्र खर्चाला माणशी चार हजार राहतात. पुण्याहून येणाऱ्यांना भाडं जास्त पडेल, पण भेटीच्या गावापर्यंतचा प्रवास ज्याचा त्याने, हा नियम साधा आहे आणि त्यावर भांडण होत नाही. प्रवासखर्चही एकत्र करून वाटायला गेलात तर कुणी एसी बसनं आली, कुणी साध्या एसटीनं, कुणाला नवऱ्यानं गाडीतून सोडलं, हे सगळं वहीत येतं.

आता गोव्याचं बघू. संभाजीनगरहून पुण्यावरून गेलं तरी पणजी साडेसहाशे किलोमीटरच्या पुढं आहे, परभणीहूनही काही जवळ नाही. दोन दिवसांची सहल असेल तर जाताना एक रात्र आणि येताना एक रात्र बसमध्ये जाते. गोवा करायचा तर निदान चार दिवस आणि माणशी त्या हिशेबाचे पैसे लागतात. चार हजारांत आणि शनिवार-रविवारात ते बसत नाही, हे त्या दोघींना तू पटवायची गरज नाही, आकडाच सांगेल. त्यांना खरोखर जायचं असेल तर त्या लग्नानंतर वेगळ्या जातील. नवरीची सहल त्यासाठी अडवून ठेवू नका.

तिघी पुण्याच्या, दोघी संभाजीनगरच्या, तिघी परभणीच्या म्हटल्यावर मधलं गाव नकाशावर दिसतंच आहे. संभाजीनगरला जमायचं आणि वेरूळ-खुलताबाद-म्हैसमाळ पट्ट्यात एक रात्र राहायचं. "तिथं तर शाळेच्या सहलीत गेलो होतो" असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. त्या सहलीत मास्तर शिट्टी वाजवून पुढं हाकलत होते. आता कैलास लेण्यात दोन तास बसता येईल.

तारखेबाबत एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. लग्न फेब्रुवारीत म्हणजे मधे पौष येतो आणि पौषात आपल्याकडं मुहूर्त नसतात. त्यामुळं इतर कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आडवं येत नाही. शिवाय क्रूझर आणि ट्रॅव्हलर वऱ्हाडाला गेलेल्या नसतात. दाट तिथीला याच गाड्यांचा भाव वाढतो आणि ऐनवेळी ड्रायव्हर मिळत नाही. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा महाग म्हणून सोडा, सव्वीस जानेवारीला लागून येणारी सुटी गर्दीची म्हणून सोडा. लग्न झालेल्या मैत्रिणी संक्रांतीनंतर हळदीकुंकवात अडकतात. उरतो जानेवारीतला दुसरा शनिवार, आणि त्या दिवशी बँका बंद असतात, म्हणजे तुमची बँकवाली रजेशिवाय येईल. ही तारीख नवरीच्या आईला आधी विचार. बस्त्याचा दिवस, पत्रिका वाटायला जायचे दिवस, पार्लरची वेळ हे सगळं त्यांच्याच डोक्यात असतं. हळद जवळ आली की घरचे नवरीला बाहेर सोडत नाहीत. महिनाभर आधीची तारीख असली की हा प्रश्नच निघत नाही.

खर्चाचा नमुना हिशेब मांडते. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेत. खरे भाव तुला फोन करूनच कळतील. एका रात्रीसाठी पूर्ण बंगला किंवा फार्महाऊस ७,००० रुपये. गाडी ८,०००. शनिवारचं दुपारचं जेवण माणशी २५०, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळून ४५०, रविवारी हुरडा आणि शेतातलं जेवण ४००. आठ जणींचे होतात ८,८००. तिकिटं, चहापाणी, पार्किंग १,०००. सगळे मिळून २४,८००.

आता नवरीच्या पैशांचा वाद याच आकड्यात बसवून बघ. आठ जणींत वाटले तर माणशी ३,१०० येतात. नवरीला सोडून सात जणींत वाटले तर ३,५४३. म्हणजे जो वाद चाललाय तो माणशी ४४३ रुपयांचा आहे. एवढ्यात तिचं केळवणही होतं. माझं मत विचारशील तर नवरीचे घेऊ नका. पण हे ४४३ लहान आकड्यावालीच्या मर्यादेत बसत असतील तरच. बसत नसतील तर नवरीनं तिचा जेवणाचा खर्च द्यावा, तिला त्यात काही वाटणार नाही. वाईट वाटतं ते मागून 'मी ऐकलं, तुम्ही माझे पैसे भरताना कुरकुर केली' असं कानावर आल्यावर. लग्नाचा आहेर मात्र या वर्गणीत अजिबात मिसळू नका. त्याची वर्गणी वेगळी, गोळा करणारी मैत्रीणही वेगळी.

सात जणींकडून ४,००० घेतले की २८,००० जमतात आणि ३,२०० रुपये हाताशी राहतात. ही शिलक मोडायची नाही. 'ब्राइड' लिहिलेले टीशर्ट, एकसारख्या ओढण्या, फुगे, फोटोग्राफर, हे सगळं नेमकं शेवटच्या आठवड्यात निघतं आणि प्रत्येक वेळी 'फक्त तीनशेच आहेत गं' असं म्हटलं जातं. मर्यादा ठरल्यावर निघालेली कोणतीही कल्पना जिला सुचली तिच्या पैशानं होईल, किंवा होणार नाही. हे आधी सांगून टाकलंस की अर्ध्या कल्पना आपोआप विरतात.

आता तेवीसशेचं. सगळं स्वतः भरायचं आणि नंतर मागायचं, ही पद्धतच चुकीची आहे. त्यात तू मैत्रीण न राहता सावकार होतेस, तेही बिनव्याजी. या वेळी पैसे आधी येतील. पहिला हप्ता २,०००, तारीख ठरलेली, आणि 'पैसे आले की नाव पक्कं'. सातही हप्ते आल्याशिवाय बुकिंग नाही. चौदा हजार जमले की जागेचा अर्धा ॲडव्हान्स आणि गाडीचं इसार दोन्ही निघतं, तुझ्या खिशातून एक रुपया जात नाही. दुसरा हप्ता सहलीच्या दहा दिवस आधी. पैसे तुझ्याकडं जमा होऊ देत, पण वही दुसरीकडं असू दे. बँकवाली त्यासाठी उत्तम. रोज रात्री ती ग्रुपवर खर्चाची यादी टाकेल. पैसे आधीच एका जागी जमलेले असले की हिशेब वाटणाऱ्या ॲपची गरज पडत नाही. ती ॲपं जिथं दर वेळी वेगळीच कुणी पैसे भरते तिथं कामाची. खेड्यात रेंज जाते, म्हणून तीन हजार रुपये रोख ठेव, पन्नास आणि शंभरच्या नोटांत.

जुने पैसे मात्र नव्या हप्त्यात मिसळू नकोस. त्या दोघींना वेगवेगळा, साधा मेसेज टाक: "मागच्या सहलीचे तुझे अमुक रुपये राहिलेत, नवीन हिशेब सुरू करायच्या आधी तेवढे टाकशील का?" आकडा लिही, कारण 'तेवढे राहिलेत बघ' म्हटलं की समोरचीला किती ते आठवत नाही आणि विचारायला तीही लाजते. बहुतेक वेळा न दिलेले पैसे हे विसरलेले पैसे असतात. तू लाजतेयस, आणि त्यांना पत्ताही नाही.

गळणाऱ्यांचा नियम पैसे घ्यायच्या आधी लिहून टाकायचा, कारण कुणी गळाल्यानंतर केलेला कुठलाही नियम त्या एकीविरुद्ध केल्यासारखा दिसतो. वरच्या खर्चात दोन प्रकार आहेत. जागा आणि गाडी मिळून १५,०००, हे माणूस कमी झालं तरी तेवढेच लागतात. जेवण आणि तिकिटं माणसागणिक कमी होतात. पंधरा हजारांचा सात जणींतला वाटा २,१४३. तेव्हा नियम असा: बुकिंगनंतर कुणी गळाली तर हा वाटा परत मिळणार नाही, उरलेले सुमारे १,८५० परत. पूर्ण पैसे परत दिले तर तेच पंधरा हजार सहा जणींवर येतात आणि प्रत्येकीला ३५७ रुपये जास्त पडतात. ते कुणाच्या मर्यादेबाहेर जातात ते तुला माहीत आहेच. तिच्या जागी दुसरी मैत्रीण आली तर मात्र पूर्ण परत. आजारपण किंवा घरात काही बरंवाईट झालं तर नियम बाजूला ठेवून शिलकीतून द्यायचे. त्यासाठीच ती शिलक आहे.

बाळवालीशी आजच बोल. 'येतेस का नाही' असं न विचारता तिच्यासमोर दोन पर्याय ठेव: बाळासकट मुक्कामी, किंवा फक्त रविवारी हुरड्याला. ती संभाजीनगरलाच आहे, तिला तासाभराचं अंतर. ती एक दिवसच आली तर तिच्याकडून ४०० घ्यायचे. मग एकूण खर्चातून तिचे दोन वेळचे ७०० वजा होतात आणि उरलेल्या सहा जणींवर माणशी ३,९५० येतात. चार हजारांत बसतं, पण शिलक जेमतेम ३०० उरते. मग जागा पाच-सातशेनं स्वस्त बघावी लागेल. म्हणून तिचं उत्तर बुकिंगच्या आधी हवं. 'सगळ्या आल्या तरच मजा' हा हट्ट तिच्यावर लादू नका. आठ महिन्यांच्या बाळाला थंडीत अनोळखी जागी रात्र काढायला लावण्यापेक्षा चार तास निवांत येऊन गेलेली मैत्रीण बरी.

जागा निवडताना फोटोतल्या स्विमिंग पूलकडं बघू नकोस, बाथरूम मोज. आठ बायका, एक बाथरूम, प्रत्येकीला वीस मिनिटं म्हटली तर दोन तास चाळीस मिनिटं झाली. नऊला निघायचं म्हणजे पहिलीनं सव्वासहाला उठायला हवं. सहलीचं वेळापत्रक कोलमडतं ते इथं, आणि दोष येतो उशिरा उठणारीवर. तीन बाथरूम असतील तर हेच काम तासाभरात होतं. जानेवारीत त्या पठारावर पहाटे कडक थंडी असते, तेव्हा गीझर किती, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का आणि त्यावर गीझर चालतो का (बहुधा चालत नाही), पांघरुणं किती, हे विचार. रात्री आवारात कोण असतं, राखणदाराचं कुटुंब तिथंच राहतं का, हे तर बायकांच्या सहलीत पहिल्यांदा विचारायचं. चेकआऊट किती वाजता? काही ठिकाणी सकाळी दहालाच जागा रिकामी करायला लावतात आणि मग रविवारची निवांत सकाळ बॅगा भरण्यात जाते. दुपारी तीनपर्यंत थांबू द्या, असं ठरवतानाच मागून घे. रविवारी रात्रीचं बुकिंग नसेल तर बरेच मालक हो म्हणतात.

फार्महाऊसच्या नावानं फसवणूकही होते. कुणाचे तरी फोटो, भाव आश्चर्य वाटावं इतका कमी, आणि 'आत्ता पाचशे टाका नाहीतर दुसरी पार्टी आहे' अशी घाई. तुमच्या दोघी मैत्रिणी तिथंच राहतात, त्यातली मोकळी असेल तिनं एखाद्या रविवारी जाऊन जागा बघून यावी. ते जमलं नाही तर मालकाला व्हिडिओ कॉलवर फाटकापासून बाथरूमपर्यंत चालत दाखवायला सांग. तारीख, माणसं, भाडं, डिपॉझिट, चेकआऊट, रद्द केलं तर किती परत, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून त्यांच्याकडून 'बरोबर आहे' असं उत्तर घे आणि मगच ॲडव्हान्स टाक.

गाडीत लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि ते कळतही नाही. बाहेरगावची गाडी किलोमीटरवर ठरते, पण रोजचे किमान किलोमीटर धरलेले असतात, बऱ्याच ठिकाणी तीनशे. मोजणी गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून परत दारात जाईपर्यंत, आणि दिवस रात्री बाराला बदलतो. तुमचं सगळं फिरणं दीडशे किलोमीटरच्या आत आहे. दोन दिवस गाडी ठेवली तर सहाशे किलोमीटरचे पैसे. वीस रुपये दर धरला तर १२,०००, वर ड्रायव्हरचा भत्ता दोन दिवसांचा हजार. तेरा हजार गेले, आणि त्यातला बहुतेक वेळ गाडी फार्महाऊसच्या झाडाखाली उभी. त्यापेक्षा शनिवारी आठ तास, ऐंशी किलोमीटरचं लोकल पॅकेज घे आणि गाडी मुक्कामी सोडून परत जाऊ दे. रविवारी दुपारी फक्त न्यायला बोलव. समजा शनिवारचे ५,००० आणि रविवारचे ३,००० धरले तर पाच हजार वाचतात. बारा सीटची ट्रॅव्हलर किंवा क्रूझर पुरते. आठ माणसं आणि आठ बॅगा सात सीटच्या गाडीत कोंबू नका. नंबर प्लेट पिवळी आहे ना, बघून घे. ओळखीच्याची पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्त मिळेल, पण भाड्यानं चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. रविवारचा ड्रायव्हर आलाच नाही तर काय, म्हणून दुसऱ्या एका गाडीवाल्याचा नंबर सोबत असू दे.

जास्तीत जास्त ठिकाणं बसवायची, हा तुझा विचार मात्र मला पटत नाही. दिवसाला एक जागा पुरे. शनिवारी सगळ्या साडेअकरापर्यंत संभाजीनगरला पोचतील असं धर, म्हणजे खरं तर साडेबारा. जेवून दीडला निघा. वेरूळ तीस किलोमीटर आहे, पण सुटीच्या दिवशी दीड तास धर: दौलताबादच्या किल्ल्याजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो आणि तिथं समोरासमोर आलेल्या बसगाड्या अडकतात. पुढं खुलताबादला शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी असते. पण वेरूळला दुपारी पोचणं हेच चांगलं. लेण्यांचं तोंड पश्चिमेला असल्यामुळं तीननंतर उतरतं ऊन थेट आत येतं; सकाळी तेच दगड सावलीत असतात. चौतीसही लेणी करायला जाऊ नका. सोळावं, कैलास, पूर्ण बघा. वेळ उरला तर शेजारची एकदोन. दौलताबादचा किल्ला यात घालायचा मोह होईल, तो चढून उतरायला दोन-तीन तास लागतात आणि मग संध्याकाळ पाय चोळण्यात जाते. तारीख बदलून आठवड्यातला दिवस निघालाच तर लक्षात ठेव, वेरूळ मंगळवारी बंद असतं.

सहा-साडेसहाला मुक्कामी. संध्याकाळी काहीच ठरवू नका. रात्रीच्या जेवणातच नवरीचं केळवण करा. बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तिच्या आवडीचं एक गोड आधी सांगून ठेव, पाट-रांगोळी तुम्हीच मांडा. शनिवार धरणाऱ्या असतील तर मटणाचा बेत बाद. आणि एरवीही सामिष हवं असेल तर खाणाऱ्यांनी त्याचे वेगळे पैसे द्यायचे, वर्गणीतून नाही.

रविवारी हुरडा, मुक्कामापासून चालत जाता येईल अशा शेतात. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते, म्हणून जानेवारीचा पहिला पंधरवडा त्यासाठी भरवशाचा. तरी शेतमालकाला दोनदा फोन कर, एकदा ठरवताना आणि एकदा चार दिवस आधी, कारण दाणा हिरवा, मऊ, दुधाळ संपत आलेला असा थोडेच दिवस राहतो. पुढं गेला की चोळताना सुटतो पण चावत नाही. पेरणी टप्प्याटप्प्यानं केलीय का आणि सुरती ज्वारी आहे का, हे विचारलंस की समोरचा नीट उत्तर देतो. हुरडा म्हणजे ताटात वाढून येणारं जेवण नव्हे. गोवऱ्यांच्या आगटीत चार-सहा कणसं खुपसायची, भाजली की हातावर नाहीतर गोणपाटावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि गरम आहे तोवर चटणी-गुळासोबत संपवायचं. गार झाला की वातड होतो. आठ जणींचं असं व्हायला दोन तास लागतातच. तेवढा वेळ सगळ्या आगटीभोवती बसलेल्या, कुणाच्या हातात फोन नाही कारण हात काळे झालेले. बोर, ऊस आणि शेवटी ताक. दहाला सुरू करा, जेवण दीडला, मग तासभर आडवं व्हा. साडेतीनला गाडी. परतीची एसटी, ट्रॅव्हल्स किंवा रेल्वे सहाच्या आधीची कुणीच काढू नका. पुण्याच्या एकीनं चारची काढली की सगळ्यांचा रविवार तिच्या घड्याळावर चालतो.

'कुणीच नाराज होऊ नये' हे तुझ्या हातात नाही. 'मला आधी कळलंच नव्हतं' असं कुणी म्हणू नये, एवढं तुझ्या हातात आहे. म्हणून ग्रुपवर दहा पर्यायांचा पोल टाकू नकोस. आकडे गोळा झाले की असा मेसेज टाक: "तारीख जानेवारीचा दुसरा शनिवार-रविवार. वेरूळजवळ मुक्काम, रविवारी हुरडा. माणशी ४,०००, येणं-जाणं आपापलं. पहिला हप्ता २,००० बुधवारी रात्री नऊपर्यंत. बुकिंगनंतर गळालं तर जागा-गाडीचा वाटा परत मिळणार नाही. काही बदल हवा असेल तर सोमवारपर्यंत मला फोन करा, त्यानंतर हेच पक्कं." नवरीला या हिशेबाच्या ग्रुपमध्ये घेऊ नकोस, तिच्यासाठी जुना ग्रुप आहेच, गाणी आणि साड्यांचे फोटो तिथं चालू देत. जागा आणि हुरडा संभाजीनगरच्या मोकळ्या मैत्रिणीकडं, वही बँकवालीकडं, गाडीचे फोन पुण्याच्या गोवेवालीकडं दे. तिला काम दिलं की गोवा मागं पडतो.

हिशेब परतल्यावर मंगळवारपर्यंत बंद करा. शेवटची यादी, उरलेले पैसे सातनं भागून ज्याचे त्याला परत, आणि फार्महाऊसचं डिपॉझिट यायचं असेल तर कधी येणार ती तारीख. लग्नाची धावपळ सुरू झाली की त्या डिपॉझिटची आठवण कुणालाच राहत नाही, आणि मालकाला तर मुळीच नाही.